मदत हवी आहे: विश्रांती घेऊनही नडगीचं दुखणं परत आलं

पाऊलवाट
वय ३४, दिवसभर बैठं काम. याआधी कधीच पळले नव्हते. पाच आठवड्यांपूर्वी पळायला सुरुवात केली, आठवड्यातले सहा दिवस, रोज अर्धा तास. दुसऱ्या आठवड्यापासून दोरीवरच्या उड्याही सुरू केल्या. दम वाढत गेला, पण चौथ्या आठवड्यात दोन्ही नडग्या आतल्या बाजूने दुखायला लागल्या. आधी पळायला लागलं की दुखायचं आणि अंग गरम झालं की थांबायचं. मग जिना उतरतानाही दुखू लागलं. आठ दिवस पूर्ण बंद ठेवलं, दुखणं गेलं. नवव्या दिवशी पुन्हा तेवढाच अर्धा तास पळले आणि रात्रीपर्यंत पहिल्यापेक्षा जास्त ठणका. विश्रांती कमी पडली का? पुन्हा सुरुवात कशी करू?

उनाडवारा
बूट बदला. माझं हेच होत होतं, जाड तळव्याचे बूट घेतले आणि गेलं. रोज बर्फाने शेका, पंधरा मिनिटं.

भुईचाफा
मलाही पळाल्यावर गुडघ्याची वाटी दुखते, विशेषतः उतारावर. मी पट्टा बांधते. तुम्हीही बांधून बघा ना.

जुनाधावक
भुईचाफाताई, तुमचं दुखणं वेगळं आहे, त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे नक्की लिहीन.

पाऊलवाट, मी फिजिओथेरपिस्ट आहे. नव्याने पळणाऱ्यांच्या अशा नडग्या बऱ्याच बघतो. तुमचं दम आणि हाड यांचं वेळापत्रक जुळलेलं नाही. दम दोन-तीन आठवड्यांत वाढतो. हाडाचं तसं नसतं. नवीन भार पडला की शरीर आधी जुनं हाड थोडं कोरून काढतं आणि त्या जागी नवं भरतं. कोरणं लवकर होतं, भरायला मात्र काही महिने लागतात. म्हणून सुरुवातीचे काही आठवडे हाड उलट कच्चं असतं, आणि नेमकं तेव्हाच तुम्ही उड्यांची भर घातलीत. शिवाय पोटरीचे स्नायू थकले की प्रत्येक पावलाचा ताण नडगीवर जास्त येतो.

आठ दिवसांत दुखणं शांत झालं, पण भार पेलायची ताकद आली नाही. बर्फाने ठणका कमी होतो, हाड भरत नाही.

आता पळणं आणि उड्या बंद. सायकल किंवा पोहणं चालेल, दुखत नसेल तर. पोटरीसाठी टाचा उचला: पायरीच्या कडेवर उभं राहून सावकाश वर, सावकाश खाली, १२ वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. काही फेऱ्या गुडघा किंचित वाकवून करा, त्याने पोटरीचा खोलवरचा स्नायू कामाला लागतो.

नडगी दाबून दुखत नाही, अर्धा तास भरभर चालता येतं आणि एका पायावर दहा उड्या न दुखता मारता येतात, अशी वेळ आली की पळा. त्यातही एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, असं सात-आठ वेळा, आणि मध्ये एक दिवस सुट्टी. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली पावलं टाकताना नडगी दुखली, तर आदला दिवस जास्त झाला, एक पायरी मागे या. दोन-तीन खेपा नीट गेल्या तरच पळण्याचं मिनिट वाढवा, आणि उड्या सगळ्यात शेवटी.

उनाडवारा
म्हणजे बुटांचा काहीच संबंध नाही?

जुनाधावक
आहे. झिजलेले बूट, पाऊल आत कलणं, याने भर पडते. तुमचा फायदा बुटांमुळे झाला की नवे बूट येईपर्यंत घेतलेल्या सुट्टीमुळे, हे मात्र मला सांगता येणार नाही. आतल्या सपोर्टबद्दल आमच्यातही एकमत नाही.

पाऊलवाट, एक करा. खुर्चीत बसा, अंगठ्याने नडगीची आतली कड घोट्यापासून वर दाबत जा. कुठे आणि किती लांब दुखतं ते लिहा.

पाऊलवाट
आत्ताच केलं. उजवीकडे वीतभर लांब पट्टा आहे, सगळीकडे सारखं, बोथट दुखतं. डावीकडे तसा पट्टा नाही. घोट्यापासून साधारण चार बोटं वर एकच जागा आहे, बोटाच्या टोकाएवढी, तिथे दाबलं की कळ येते. काल रात्री त्याच कळेने जाग आली होती.

जुनाधावक
मग वर लिहिलेलं उजव्या पायासाठी धरा. डाव्यासाठी थांबा. एकाच बिंदूवर कळ आणि झोपेत दुखणं म्हणजे हाडाला बारीक तडा असू शकतो. एका पायावरच्या उड्या मारून बघू नका, टाचा उचलणंही सध्या नको. या आठवड्यातच अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. सुरुवातीच्या आठवड्यांत एक्स-रे बऱ्याचदा स्वच्छ येतो, त्यामुळे "काही नाही" असं ऐकून लगेच पळायला जाऊ नका, रात्रीच्या दुखण्याबद्दल स्वतःहून सांगा. एमआरआय लागेल का ते तेच ठरवतील. चालतानाही दुखत असेल तर चालणंही कमी करा.

पाऊलवाट
चालताना डावा पाय थोडा राखूनच टाकते, हे आत्ता लक्षात आलं. गुरुवारची वेळ मिळाली आहे. काय निघतं ते इथेच लिहीन.