शब्दचर्चा: ‘एमिशन परमिट’ला परवाना म्हणावं की कूपन?

भाषांतरवाली, छत्रपती संभाजीनगर: अर्थशास्त्राच्या टिपणांचं मराठी करतेय. सुरतेच्या धुराच्या बाजारावर एक प्रकरण आहे. ‘एमिशन परमिट’ला मी सगळीकडे ‘उत्सर्जन परवाना’ लिहीत आले. मग ‘कारखान्याने उरलेले बाराशे परवाने विकले’ असं वाक्य झालं आणि तिथंच अडले. परवाने असे शेकड्यानं असतात का?

परळीचा पाहुणा: परमिट इकायला बंदीय ना? माझ्या भाच्यानं रिक्षाचं परमिट नावावर करून घ्यायला वरीस घातलं. अजून चकराच मारायलाय.

बॉयलरवाला, जालना: पाहुणे, ते परमिट वेगळं. पण तुमच्यामुळं मुद्दा सापडला. रिक्षाचं परमिट एकदा मिळालं की गाडी दिवसाला दहा किलोमीटर पळो की शंभर, ते झिजत नाही. सुरतेतलं झिजतं. एक किलो धूलिकण चिमणीतून गेले की एक परमिट संपलं. म्हणून मी ‘कूपन’ म्हणेन, रेशनच्या रॉकेलसारखं. सुरतेत 2019 साली गुजरातच्या प्रदूषण मंडळानं हे सुरू केलं. एकूण किती किलो सोडायचे ते आधी ठरवलं, तेवढीच कूपनं काढली. बहुतेक फुकट वाटली, उरलेली लिलावात. भाव किलोला 5 रुपयांच्या खाली नाही, 100 च्या वर नाही.

निवृत्त मास्तर, अंबाजोगाई: म्हणजे कार्बन क्रेडिटच की. झाडं लावा, क्रेडिट मिळवा, विका.

बॉयलरवाला, जालना: मास्तर, विकण्यापुरतं तुमचं बरोबर. पण झाडं लावून इथं नवं कूपन जन्माला येत नाही. आकडा वरून बांधलेला असतो. कुणाकडं उरलं तर ते त्यानं कमी धूर सोडला म्हणूनच.

भाषांतरवाली: पण विकल्यानं एकूण धूर तेवढाच राहतो ना? मग फायदा कुणाचा?

बॉयलरवाला, जालना: हिशेब मांडतो, आकडे माझ्या मनचे. दोन कारखाने, प्रत्येकी 100 किलो सोडतात. दोघांना 70-70 कूपनं दिली. पहिल्याचं सायक्लोन, म्हणजे धूर गरगर फिरवून धूळ खाली पाडणारं यंत्र, जुनं, पिशव्यांची गाळणी बसवायला जागा आहे. त्याला पहिले 40 किलो रोखायला किलोमागं 10 रुपये पडतात, पुढचे 20 किलो 25 नं. दुसऱ्याकडं गाळणी आधीच आहे, त्याला प्रत्येक किलो 60 ला. दोघांनी 30-30 रोखले तर खर्च 300 आणि 1800, एकूण 2100. आता पहिल्यानंच 60 रोखले, तर 400 अधिक 500, म्हणजे 900. त्याची 30 कूपनं उरतात, ती दुसऱ्यानं 40 च्या भावानं 1200 ला घेतली. दुसऱ्याचे 600 वाचले. पहिल्याचा खर्च 600 नं वाढला, पण हाती 1200 आले. धूर दोन्हीकडं मिळून 140 च. हे मंडळाच्या साहेबाला आधी ओळखता येत नाही. गाळणीचा खरा खर्च मालकालाच ठाऊक असतो, आणि तो साहेबाला कशाला सांगेल?

मास्तर, अंबाजोगाई: मग ‘उत्सर्जन हक्क’ म्हणा. विकता येतो, म्हणजे मालकीच आली.

भाषांतरवाली: नको वाटतं. अमेरिकेत गंधक वायूसाठी 1990 च्या कायद्यात हीच रीत आणली, तेव्हा ‘परमिट’ऐवजी ‘अलाउन्स’ शब्द घेतला आणि ती मालमत्ता नाही असं स्पष्ट लिहिलं. सरकारला उद्या आकडा खाली आणता यावा म्हणून. ‘हक्क’ म्हटलं की भरपाईची भाषा सुरू. त्यापेक्षा ‘मुभा’ जवळचा, पण ‘तीस मुभा विकल्या’ कानाला कसंतरीच.

शेंद्र्याची: शब्दाचं सोडा. वरच्या हिशेबात दुसऱ्या कारखान्यानं एक किलोही रोखला नाही. त्याच्या भिंतीला लागून माझं घर असेल तर? बेरीज 140 आहे म्हणून माझ्या वाळवणावरची काजळी कमी होते का?

बॉयलरवाला, जालना: नाही होत. कार्बन डायऑक्साइड कुठंही सुटला तरी हवामानाला सारखाच, धूलिकणाचं तसं नाही. म्हणून असा बाजार एका शहरापुरता ठेवतात, आणि तिथंही तुमची भिंत उरतेच. त्यात सगळं चिमणीतल्या मीटरवर. मीटर कमी दाखवू लागला की कूपनं नुसते कागद. महिनाभर भट्टी जोरात आणि आलेखावर सपाट रेघ दिसली, तर आधी मीटर तपासावा. सुरतेत तीनशेवर कारखाने घेऊन, चिठ्ठ्या टाकावं तसे निम्मे बाजारात आणि निम्मे जुन्या नियमावर ठेवून पाहिलं. बाजारातल्यांचा धूर 20 ते 30 टक्के कमी निघाला. पण ती बेरीज आहे, तुमच्या गच्चीवरचं माप नाही.

शेंद्र्याची: मग कूपनासोबत प्रत्येक चिमणीची वेगळी कमाल मर्यादाही हवी.

बॉयलरवाला, जालना: हवीच. पण ती फार कडक केली की देवाणघेवाणीला जागा उरत नाही. ती कुठं धरायची यावर आमच्याच शेडमध्ये दोन तट आहेत.

भाषांतरवाली: मजकुरात ‘कूपन’ ठेवते, मथळ्यात ‘परवाना’, कारण परीक्षेत तेच विचारतात. ‘कूपन जमा केलं’ म्हणू की ‘फाडलं’?

परळीचा पाहुणा: फाडलं. बसच्या तिकिटावानी.