मदत हवी आहे: जुना प्रयोग पुन्हा करावा की नवा आखावा?

नमस्कार. टी.वाय. मानसशास्त्राचा प्रोजेक्ट आहे, चौघांचा गट. म्यूलर आणि ओपनहायमर यांचा 2014 चा प्रयोग आम्हाला फार आवडलाय: व्याख्यान ऐकताना हाताने नोट्स काढणारे लॅपटॉपवाल्यांपेक्षा संकल्पनेच्या प्रश्नांत सरस ठरले. पहिल्या प्रयोगात 67 विद्यार्थी होते. 2021 मध्ये दुसऱ्या गटाने तो जसाच्या तसा केला, तेव्हा लॅपटॉपवाले शब्दशः जास्त उतरवतात हे पुन्हा दिसलं, पण गुणांतला फरक टिकला नाही.

आम्हाला मिळतील जेमतेम साठ जण, म्हणजे गटात तीस. मध्यम फरक पकडायला गटात साधारण 64 लागतात. त्यामुळे गुणांत फरक दिसला नाही तर त्यातून काहीच ठरणार नाही. म्हणून मी म्हणते, प्रयोग तोच करू, पण मुख्य मोजमाप शब्दशः उतरवण्याचं ठेवू.

मैत्रिणीला मराठी व्याख्यान आणि मोबाइलवर टायपिंग असा नवा प्रयोग हवाय. कल्पना छानच आहे, पण प्रश्नपत्रिका आम्हीच बनवणार. निकाल वेगळा आला तर कारण भाषा, मोबाइल की आमचे प्रश्न, हे कसं ओळखायचं? आधी दहा जणांवर प्रश्न तपासणं पुरेल का? असे प्रोजेक्ट तपासणाऱ्या सर-मॅडमनी कृपया सांगा.