मदत हवी: १०० किलोहर्ट्झच्या कॉइलला जाड तार घातली तरी ती तापतेच

नांदेडकर_पोट्टा
शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी फेराइट कोअरवर कॉइल गुंडाळली. १ मिमी तांब्याची तार तापत होती, म्हणून २ मिमीची घातली. क्षेत्रफळ चौपट, गरमी मात्र जेमतेम कमी झाली. सर म्हणाले, स्किन इफेक्ट. पण पुस्तकात सपाट लाट धातूत सरळ आत शिरते आणि विरते. माझा करंट तर तारेच्या लांबीने वाहतो. मग ही लाट शिरते कुठून?

परभणी_रिपेअरवाला
सोपं आहे. इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात, म्हणून कडेला जातात. पोकळ नळी वापर.

वाळूज_हार्डनिंग
नळीचं बरोबर, आमच्या इंडक्शन मशीनची कॉइलही नळीचीच असते. पण ढकलण्यामुळे होत असतं तर डीसी करंटही कडेनेच गेला असता. तो तर पूर्ण तारेत सारखा पसरतो.

भावा, ऊर्जा तारेच्या आतून येत नाही, बाहेरच्या क्षेत्रातून येते. विद्युत क्षेत्र तारेच्या लांबीने, चुंबकीय क्षेत्र तारेभोवती गोल. दोन्ही मिळून ऊर्जा बाजूने, मध्याकडे शिरते. तीच तुझी लाट. तिचं विद्युत क्षेत्र लांबीने असतं, म्हणून करंटही लांबीने वाहतो. आत जाताना बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे उलटे प्रवाह उठतात आणि ती विरत जाते. एका स्किन डेप्थवर ३७ टक्के उरते, शिवाय एक रेडियन मागे पडते. तीन डेप्थच्या जरा पुढे जो काही करंट उरतो, तो चक्क उलट्या दिशेचा असतो. डेप्थ तारेच्या त्रिज्येपेक्षा बरीच लहान असली की पृष्ठभाग सपाटच समजायचा, म्हणून तेच सूत्र चालतं.

१०० किलोहर्ट्झला तांब्यात डेप्थ साधारण ०.२१ मिमी. त्यामुळे २ मिमीच्या तारेचा रोध डीसीच्या पावणेतीन पटीच्या आसपास, १ मिमीचा दीडपट. म्हणजे तार बदलून रोध निम्म्याहून थोडा खाली यायला हवा होता, चौथ्या हिश्शावर नाही.

औसा_शेतकरी
आमच्या बोअरच्या मोटारीची केबल पण लई तापती. हेच असंल का?

वाळूज_हार्डनिंग
नाही दादा. ५० हर्ट्झला तांब्यात डेप्थ ९ मिमीच्या वर असते, तुमच्या केबलची तार त्याहून बारीक. आधी जॉइंट आणि लग बघा, मग व्होल्टेज.

नांदेडकर_पोट्टा
निम्मी तरी गरमी कमी व्हायला हवी होती, तेवढीही नाही झाली.

वाळूज_हार्डनिंग
थर किती आहेत?

नांदेडकर_पोट्टा
तीन.

वाळूज_हार्डनिंग
मग तिथंच घोटाळा. माझा वरचा हिशोब एकट्या तारेचा होता. शेजारच्या थरांचं क्षेत्रही तारेत शिरतं, आणि थर वाढले की जाड तारेला ते जास्त नडतं. ०.१ मिमीचे सुटे, इनॅमल केलेले पदर पिळून केलेली लिट्झ वायर घे. नुसते बारीक पदर एकत्र बांधून उपयोग नाही, प्रत्येक पदर आतबाहेर फिरला पाहिजे.

परभणी_रिपेअरवाला
कोअरच्या गॅपजवळची तारच तापत असेल. तिथं क्षेत्र बाहेर सांडतं.

वाळूज_हार्डनिंग
तेही असू शकतं. गॅपपाशी हात लावू नको, थर्मोकपल चिकटवून बघ. आणि कोअर काढून १०० किलोहर्ट्झला रोध मोज.

नांदेडकर_पोट्टा
कॉलेजचा एलसीआर मीटर १० किलोहर्ट्झपर्यंतच जातो. नांदेड-परभणीत कुणाकडं मोठा आहे का?