लाइट ट्रेल्स : स्लायडर शेवटपर्यंत नेऊ नका

"रात्री फोनच्या प्रो मोडमध्ये फोकस इन्फिनिटीवर, शटर ८ सेकंद, तरी गाड्यांच्या दिव्यांच्या रेघा जाड आणि धुरकट का येतात?"

शटर बरोबर आहे, घोळ त्या इन्फिनिटीतच आहे. बऱ्याच फोनमध्ये फोकसचा स्लायडर शेवटपर्यंत सरकवला की लेन्स इन्फिनिटीच्या थोडी पुढेच जाते, मग दूरचं सगळं परत मऊ होतं. मी चांदणी चौकात तासभर असेच फोटो वाया घालवले, फार जीव जळला. नंतर स्क्रीनवर झूम करून लांबचा एक खांबावरचा दिवा धरला, स्लायडर टोकापासून अगदी केसभर मागे आणला, दिव्याचा ठिपका सगळ्यात बारीक झाला तिथे थांबलो, झूम परत १एक्स केला आणि रेघा एकदम सुरीसारख्या आल्या.

फोटो आला की आधी गाड्या नाही, रस्त्यावरचे स्थिर दिवे बघा. गोल चकती दिसली तर फोकस चुकलाय, दिव्याला वळवळती शेपटी असेल तर फोन हललाय (ट्रायपॉड पुलावर असेल तर बस गेली की हलतोच, आणि टायमर २ सेकंद लावाच). फोकस नीट असूनही सगळं पांढरंफटक असेल तर आयएसओ ५० करा, तरी उरलं तर शटर ४ सेकंदांवर आणा, कारण बहुतेक फोनचं अ‍ॅपर्चर बदलताच येत नाही.