भोक मोठे, थरथर त्याचीच

"नव्या अलॉय चाकांचा बोल्ट पॅटर्न ४×१००, म्हणजे १०० मिमीच्या वर्तुळावर चार भोके, बरोबर जुळतो, बॅलन्सिंगही केले, तरी वर्धा रोडवर ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरते."

ही तक्रार माझ्या जुन्या स्विफ्टबद्दलची. तिचा हब, म्हणजे चाक ज्यावर बसते तो मधला गोल भाग, ५४.१ मिमीचा, तर बाजारातून घेतलेल्या अलॉयचे मधले भोक ७३.१ मिमीचे होते. त्यामुळे हबभोवती साडेनऊ मिमी पोकळी राहून चाक मध्यावर आणण्याचे काम एकट्या नटांच्या उतारावर पडले. बॅलन्सिंगचे यंत्र चाकाला स्वतःच्या शंकूवर मध्यावर धरते, म्हणून हा दोष तिथे दिसतच नाही. भोक आणि हब दोन्ही मोजून ती पोकळी भरणारी त्या मापाची हब रिंग बसवावी आणि चाक अधांतरी असतानाच नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत. ऑफसेटची, म्हणजे चाकाची मध्यरेषा आणि हबला टेकणारा पृष्ठभाग यांतल्या अंतराची, चूक मात्र रिंगने सुधारत नाही: तेवढ्याच रुंदीचे चाक ४५ ऐवजी ३५ ऑफसेटचे घेतले, तर ते १० मिमी बाहेर येते आणि मागे माणसे बसली की फेंडरला घासू शकते.