चर्चा: क्यूसीतल्या बदलीसाठी तीस प्लान्टची यादी आणि ठरलेल्या वारी करिअर पानं, की नुसते वॉक-इन?

तिसरी_पाळी: एम.एस्सी. अ‍ॅनालिटिकल केमिस्ट्री, टॅब्लेटच्या प्लान्टमध्ये क्यूसीला 3 वर्षं, एचपीएलसीवर हात बसलेला. गोवा किंवा संभाजीनगरला जायचंय. रोज नोकरीची अ‍ॅप चाळण्यापेक्षा तीस कंपन्या ठरवून आठवड्यातून दोनदा फक्त त्यांची करिअर पानं बघ, असं एकाने सुचवलं. तीस नावं आणायची कुठून? आणि याने खरंच काही हाती लागतं का?

मोबाइल_फेज: लागतं. पण यादी कंपन्यांची न करता प्लान्टची करा. एकाच कंपनीचा एक प्लान्ट गोळ्यांचा असतो, दुसरा इंजेक्शनचा, तिसरा नुसत्या एपीआयचा, आणि भरती त्या त्या जागेची निघते. नुसतं कंपनीचं नाव लिहिलंत तर निम्म्या जाहिराती तुमच्या कामाच्या निघणार नाहीत.

गोव्यापासून सुरुवात करा. वेर्णा वसाहतीत सिप्ला, ल्युपिन, इंडोको. कोलवाळला ग्लेनमार्क, पिळर्णला युनिकेम, मडकईला एन्क्यूब. सहा नावं पाच मिनिटांत झाली. संभाजीनगरकडे वोक्हार्ट, अजंता वगैरे धरून बारा-पंधरापर्यंत पोचाल. त्यापुढे आठवणीवर भागत नाही, आणि कमी गर्दीचे प्लान्ट नेमके तिथेच असतात. त्यासाठी युरोपीय संघाचा EudraGMDP हा जीएमपी प्रमाणपत्रांचा सार्वजनिक साठा उघडा. देश भारत, आणि शहराच्या रकान्यात एकेक नाव टाकत जा. प्रत्येक प्रमाणपत्रावर प्लान्टचा पत्ता असतो आणि तिथे कोणत्या प्रकारची औषधं बनतात तेही असतं. गोळ्या-कॅप्सूल दिसल्या तर ठेवा, नुसतं निर्जंतुक काम असेल तर खालच्या गटात टाका. तारीख मात्र बघा, फार जुन्या प्रमाणपत्रावर विसंबू नका. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांच्या वार्षिक अहवालातही प्लान्टचे पत्ते सापडतात.

रविवार_वॉकइन: दादा, हे सगळं कागदावर छान आहे. ऑफिसर पातळीवरच्या क्यूसीच्या जागा पानावर येण्याआधी भरून जातात. शनिवार-रविवारी वॉक-इन लागतो, जाहिरातीचं चित्र बुधवार-गुरुवारपासून व्हॉट्सअ‍ॅप गटांत फिरतं आणि सोमवारी निवड झालेली असते. करिअर पानावर दिसते ती मॅनेजरची जागा, नाहीतर सहा महिने जुनी. तीस पानं आठवड्यातून दोनदा उघडायची तर दोन-तीन तास जातात. तेवढ्या वेळात तीन जुन्या सहकाऱ्यांना फोन होतात. क्यूसीत ओळखीने माणूस लवकर लागतो.

गोवेंकार_बाय: तीसही ठिकाणी एकदम सीव्ही टाकला तर एचआरला वाटतं माणूस सैरावैरा अर्ज करतोय. मी तर पाचाच्या वर सांगणार नाही.

मोबाइल_फेज: बाय, अर्ज तीस ठिकाणी करायचाच नाहीये. पाळत तीसांवर, अर्ज जुळेल त्या जागेला. महिन्यात तीन-चार झाले तरी पुष्कळ.

रविवार, वॉक-इनचं तुमचं म्हणणं बऱ्याच अंशी खरं आहे. म्हणूनच वार त्यावर बेतायचा: एक फेरी सोमवारी सकाळी, दुसरी गुरुवारी संध्याकाळी. गुरुवारी पानाबरोबर त्या प्लान्टचं लिंक्डइनही बघा, म्हणजे शनिवारचा वॉक-इन हातचा जाणार नाही. आणि दोन-तीन तास लागतात ते पहिल्या आठवड्यात. ज्या पोर्टलवर ईमेल सूचना लावता येते तिथे एकदा लावली की ते पान फक्त सोमवारी उघडायचं. यादीतली बारा अशी निघाली तर गुरुवारी अठराच उरतात.

खरी चूक फिल्टरमध्ये होते. समजा ठिकाणाच्या खान्यात `Goa` लिहिलं आणि शून्य जागा आल्या. नोंदीत ठिकाण `Verna` असेल तर `Goa` ने ती सापडेलच असं नाही. संभाजीनगरचं तर 2023 मध्ये नाव बदललं. पोर्टलवर कुठे `Aurangabad`, कुठे `Chhatrapati Sambhajinagar`, कुठे नुसतं `Waluj`. तिन्ही टाकून बघा. पदाचं नावही फसवतं. तुमचंच काम कुठे `Officer QC`, कुठे `Analyst`, कुठे `Executive`. म्हणून पदाऐवजी `HPLC` शोधा. बऱ्याच पोर्टलवर शोध जाहिरातीच्या मजकुरातही चालतो.

दुसरं, फिल्टर लावलेल्या पानाचा दुवा जपून ठेवला तरी काही पोर्टलवर तो काही दिवसांनी मरतो आणि पान निमूटपणे शून्य दाखवतं. ओळखायचं कसं? सगळे फिल्टर काढा. हजारो माणसांच्या कंपनीत एकूणच शून्य जागा दिसल्या तर दुवा तुटलाय. मुख्य संकेतस्थळावरून परत आत जा.

बॅच_रिलीज: सोपा नियम आहे ना. वर्कडेच्या पोर्टलवर `Posted 30+ Days Ago` दिसलं की जागा मेलेली, सोडून द्यायची.

मोबाइल_फेज: निम्मं बरोबर. मॅनेजरच्या एकुलत्या जागेला हा नियम चालतो. क्यूसी अ‍ॅनालिस्टला माणसं सतत गळतात, म्हणून काही प्लान्ट एकच नोंद महिनोन्‌महिने उघडी ठेवतात आणि तिच्यातूनच बोलावतात. त्यामुळे तारखेपेक्षा नोंदीचा क्रमांक टिपा. माझ्या शीटमध्ये सहाच रकाने आहेत: प्लान्ट, दुवा, पदाचं नाव, नोंद क्रमांक, पहिल्यांदा दिसली ती तारीख, शेवटची दिसली ती तारीख. आता एक उदाहरण धरा. 3 तारखेला वेर्ण्याची जागा दिसली. 24 ला ती नाहीशी झाली आणि 27 ला तोच मजकूर नव्या क्रमांकाने आला. म्हणजे बहुधा निवडलेला माणूस आला नाही, किंवा मंजुरी नव्याने घ्यावी लागली. दोन्हींत घाई त्यांना असते, तेव्हा अर्ज त्याच दिवशी करायचा. शीट नसेल तर हा फरक डोळ्यांना दिसतच नाही, कारण पान वरवर आधीसारखंच असतं.

रविवार_वॉकइन: क्रमांकाचं पटलं. पण `immediate joiner` लिहिलेल्या जागेला याचा नोटीस पिरियड आड येणारच. दोन-तीन महिने कोण थांबतं?

तिसरी_पाळी: माझा दोन महिन्यांचा आहे. नोटीस विकत घ्यायला तयार असलेल्या कंपन्या पानावरून कळतात का?

मोबाइल_फेज: क्वचित. पहिल्या फोनवर विचारा आणि उत्तर त्या ओळीत लिहून ठेवा, पुढच्या वेळी उपयोगी पडतं.

गोवेंकार_बाय: आता नीट कळलं. मग एक विचारते. वेर्ण्याला पुष्कळ प्लान्ट क्यूसीची पोरं ठेकेदाराच्या पगारावर घेतात. ती जागा कंपनीच्या पानावर कधीच येत नाही. मग ठेकेदार तीसमध्ये धरायचा?

रविवार_वॉकइन: धरायचा. गोव्यात पाय ठेवायला तोच रस्ता आहे.

मोबाइल_फेज: मी नाही धरणार. 3 वर्षांच्या कायम नोकरीनंतर ठेक्यावर गेलात तर पुढच्या मुलाखतीत त्याचं उत्तर द्यावं लागतं. आठ आठवडे आधी तीस प्लान्ट बघा. ज्याच्याकडे एकही क्यूसीची नोंद दिसली नाही तो काढून दुसरा घाला. त्यानंतरही गोवा रिकामंच राहिलं तर ठेकेदाराचा विचार वेगळा करू.

रविवार_वॉकइन: आठ आठवड्यांत आठ शनिवार जातात, दादा.