शब्दचर्चा : स्टॉकवरची ‘मळी’ आणि ‘निववणे’

पातेलंभर (इंदूर)
विजयनगरजवळ माझं छोटं किचन आहे. कॅफेंना चिकन स्टॉक आणि त्यावरचे सॉस पुरवते. भांड्याशी बुऱ्हाणपूरच्या दोन बायका आहेत. त्या मराठी छान वाचतात, म्हणून कृतीचं कार्ड मी मराठीत केलं. त्यावर लिहिलं होतं : ‘१० किलो हाडं, १५ लिटर पाणी. उकळा. वरचा फेस काढा. ४ तास उकळा. निववा.’

त्यांनी शब्दशः तेच केलं. स्टॉक ताकासारखा पांढुरका झाला आणि भरला जेमतेम साडेसहा लिटर. माझा हिशोब १० लिटरचा होता, म्हणजे उतारा कमी पडला. रात्री ‘निववायला’ ओट्यावर ठेवलेलं पातेलं सकाळीही मधे कोमट होतं, आणि वासही आंबूस. सगळं ओतून दिलं. बायकांची चूक नाही, शब्द माझेच. मग वरची घाण, ती मंद आच आणि ते गार करणं, यांना नेमके शब्द कोणते?

गुऱ्हाळकर
ताई, पहिल्याचा शब्द तयार आहे : मळी. गुऱ्हाळात काहिलीतला रस तापला की वर जी राखाडी घाण येते ती मळी, आणि ती ‘मारत’ नाहीत, ‘काढतात’. फेस वेगळा. फेस नुसता हवेचा असतो, फुंकला तरी बसतो. मळी बसत नाही, ती उकळीत मोडते आणि परत रसात मिसळते.

रामबागची मावशी
अगं, पाकातली मळी काढायला आम्ही चमचाभर दूध घालतो. तू पण घाल की! आणि ते ‘उतारा कमी पडला’ वगैरे लिहायचं असेल तर जपून, आमच्याकडे उतारा दृष्टीचा काढतात.

निवळी
मावशी, तत्त्व बरोबर आहे, पण स्टॉकला दूध नको, तो पांढराच होईल. पाकात स्वतःचं प्रथिन नसतं, म्हणून दुधाचं उसनं घ्यावं लागतं. ते गोठताना कचरा धरून वर येतं. हाडांमधून आणि त्यांना चिकटलेल्या मांसातून प्रथिन आपोआप सुटतं. मात्र पाणी गार हवं. गार पाण्यात ते हळूहळू विरघळतं आणि आच चढत जाते तसं मोठ्या गोळ्यांनी वर येतं. गरम पाणी ओतलं तर जागच्या जागी बारीक बारीक गोठतं आणि पाण्यात तरंगत राहतं. मग झारा कितीही फिरवा, हाती काही लागत नाही.

कार्डावर तीन शब्द वेगळे ठेवा. पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात वर येते ती *मळी*. ती दिसली की लगेच काढायची आणि कांदा-गाजर तिच्यानंतर टाकायचं, नाहीतर झाऱ्यात भाजीच येते. पुढे चकाकतो तो *तवंग*, म्हणजे चरबी. तो मधूनमधून काढला तरी पुरे, उरलेला फ्रिजमध्ये थिजून वडीसारखा उचलता येतो. आणि पिठाच्या सॉसवर धरते ती *साय*. तिन्हींना ‘फेस’ म्हटलंत, म्हणून बायकांनी बुडबुडे काढले आणि मळी आत मोडू दिली.

शुद्धलेखनी
‘मळी’ला माझा आक्षेप आहे. आजच्या मराठीत मळी म्हणजे कारखान्यातला तो काळा दाट पदार्थ, ज्याच्यापासून मद्यार्क काढतात. खाण्याच्या भांड्यावर हा शब्द नको. ‘मल-निष्कासन’ म्हणावं.

गुऱ्हाळकर
मल-निष्कासन? स्वयंपाकघरात? जाऊ द्या.

पातेलंभर
😄 मळी ठेवते. आता ‘उकळा’चं बोला. ‘मंदाग्नी’ लिहू का?

रामबागची मावशी
मंदाग्नी झाला की भूक लागत नाही बाई, वैद्याकडे जावं लागतं.

भट्टीवाला
आमच्या हॉटेलात उस्ताद म्हणायचे, ‘खौलने मत देना’. मी वीस वर्षं भट्टीवर आहे. झाकण ठेवा, गॅस बारीक करा, पाणी आटत नाही, उतारा पूर्ण मिळतो.

निवळी
काका, गॅस बारीक हे सोळा आणे. झाकणाने मात्र आतली वाफ कोंडते, अन् तेवढ्याच गॅसवर थोड्या वेळाने खाली खदखद सुरू होते. आपल्याला वरून दिसत नाही. खदखदीत चरबी आणि मळी दोन्ही घुसळून निघतात, पांढुरका रंग तिथूनच येतो. ताईंचा उतारा कमी पडला तोही त्या उकळीनेच. हाडं तीच, पाणी तेच, पण साडेतीन लिटर जास्तीची वाफ झाली. ८५ ते ९५ अंशांवर ३-४ तास, झाकण उघडं, ढवळायचं नाही, एवढं पाळलं तर १५ लिटरचे साधारण १० होतात.

शब्द मात्र मला सुचत नाही. ‘रटरटणे’ दाट वरणाला शोभतं. ‘खदखदणे’ तर नकोच. ‘कढवणे’ म्हटलं की आटवणं आलं.

गुऱ्हाळकर
‘चुळबुळ’! पाणी चुळबुळतंय, उकळत नाही.

शुद्धलेखनी
चुळबुळ पोरं करतात.

पातेलंभर
मी शब्दाऐवजी खूण लिहिते : ‘एक बुडबुडा फुटला की दोन-तीन सेकंदांनी दुसरा.’ त्या बायकांना हे लगेच कळलं. आज सकाळी करून पाहिलं, साडेनऊ लिटर पडला, आणि ग्लासात धरला तर पलीकडचं बोट दिसतं. पाच लिटरला अर्धा किलो रू (लोणी-मैदा निम्मे निम्मे) धरून व्हेलुटे केला. अर्धा तास चुळबुळत ठेवून साय काढली, कच्च्या पिठाची चव गेली. मागच्या वेळचा सॉस करडा आला होता, तो दोष मी मैद्याला देत होते!

घरकाम
माझ्या सासूबाईंना ताप आहे, मुगाचं कढण देतेय. त्यावरचा फेस पण काढायचा का?

निवळी
काढा, पण नाही काढला तरी बिघडत नाही, दोन वाट्यांना काय एवढं. ताईंच्या गार करण्याकडे येतो. ‘निववणे’ आपण दोन अर्थांनी वापरतो. ‘चहा निवू दे’ म्हणजे हात लावू नको, आपोआप होईल. वाटीभर चहाला ते चालतं, दहा लिटरला नाही. मधला भाग तासन् तास कोमट राहतो. उकळीतही काही जंतूंची बीजं मरत नाहीत आणि कोमटात ती उगवतात. काहींचं विष पुन्हा उकळूनही जात नाही, म्हणून तुम्ही ओतलंत ते योग्यच केलंत. किचनचा नेम असा की ६० अंशांवरून २१ वर दोन तासांत यायला हवं, तिथून ५ वर पुढच्या चार तासांत. पहिले दोन तास महत्त्वाचे.

भट्टीवाला
सरळ फ्रिजमध्ये ढकला.

निवळी
मग फ्रिजमधलं दूध-पनीरच तापेल, काका, आणि स्टॉक तरी मधे गरमच. सिंकमध्ये बर्फाचं पाणी स्टॉकच्या पातळीपर्यंत भरून त्यात पातेलं बसवायचं आणि ढवळत राहायचं. आता ढवळलेलं चालतं, गाळून झालेला असतो. मग उथळ ट्रेमध्ये चार बोटं उंचीपर्यंत ओतून फ्रिजला.

पातेलंभर
नुसतं नळाचं पाणी चालेल? मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी अंघोळीला पण गरम वाटतं.

निवळी
म्हणूनच बर्फ. थर्मामीटर घालून २१ येईपर्यंतची वेळ कार्डावर लिहायला लावा.

गुऱ्हाळकर
मग ‘निववा’च्या जागी ‘बर्फात बसवा’ लिहा ना. क्रियापदात हात चालला पाहिजे.

शुद्धलेखनी
‘शीतन करा’ असंही म्हणता येईल.

पातेलंभर
बर्फात बसवा. लिहिलं. मंद उकळीचा शब्द सापडला तर सांगा, तोवर कार्डावर बुडबुडाच आहे.